ऑर्डर क्र. 214: सुधारित डिलिव्हरी तारीख कळवावी

आधी लिहिलेला मेसेज: "भाऊ, किती वेळा फोन करायचा? रोज उद्या-उद्या! माल आजच पाहिजे."

बदलून पाठवलेला मेल:

नमस्कार भाऊ,

ऑर्डर क्र. 214 मधील 40 बॉल व्हॉल्व्ह 24 जूनला आमच्या हिंगणा एमआयडीसीतल्या स्टोअरला पोचायचे होते. आज 2 जुलै. माल आलेला नाही, गाडी निघाल्याचंही कळलेलं नाही. पाइपलाइनचं काम अडलंय, फिटर बसून आहेत.

कृपया उद्या दुपारी 12 पर्यंत पक्की सुधारित तारीख मेलवर कळवा. तयार असतील तेवढे नग आधी पाठवलेत तरी चालेल. तुमचा माल चांगला असतो, म्हणूनच थांबलो आहोत. तारीख न आल्यास मात्र ऑर्डरमधली विलंब दंडाची अट लावावी लागेल.

खरेदी विभाग, नागपूर