"आजोबा, काळजी करू नका": सर्जिकल वॉर्डमधील एका संभाषणाचे चिंतन

बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या पोस्टिंगसाठी मी मालवणकडच्या किनारपट्टीवरील एका रुग्णालयात, पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डमध्ये चार आठवडे होते. त्या काळातील एका संभाषणाकडे मी ग्रॅहम गिब्ज यांनी 1988 मध्ये मांडलेल्या चिंतनचक्राच्या आधारे पाहणार आहे. गोपनीयतेसाठी रुग्णाचे नाव, गाव आणि खाट क्रमांक दिलेला नाही. वॉर्डमध्ये मी त्यांना आजोबा म्हणत असे, इथेही तेच म्हणते.

वर्णन

आजोबा 68 वर्षांचे, हयात रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे पकडण्यात गेलेली. मधुमेह जुना, गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. जूनमध्ये किनाऱ्यावर कालवाचे कवच डाव्या तळपायात शिरले. पायाला संवेदनाच नसल्याने त्यांना ते कळले नाही. चार दिवसांनी सुनेला घरभर वास आला, तेव्हा त्यांनी पाय पाहिला. दाखल झाले तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर 342 होती आणि करंगळी काळी पडली होती. करंगळी काढली, तरी काळेपणा वर सरकत राहिला आणि ताप उतरेना.

जुलैमधल्या एका सकाळी राउंडला सर्जन सरांनी इंटर्नला इंग्रजीत काही सांगितले. त्यातले 'बिलो नी' हे शब्द आजोबांनी टिपले. केस शीटवर मीही ते वाचले होते: गुडघ्याखालून पाय काढण्याचा सल्ला. त्याआधी मुलाने मला व्हरांड्यात गाठून सांगितले होते, "बाबांका काय सांगू नकात, हाय खातले."

राउंडनंतर मी ड्रेसिंगला गेले. आतला गॉज जखमेला चिकटला होता. त्यावर सलाइन सोडून तो भिजायची वाट पाहत होते, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "चेडवा, माझो पाय कापतले काय गो? खरा सांग."

मी मान वर केली नाही. गॉजकडे बघतच म्हणाले, "नाही हो आजोबा, असं काही नाही. ड्रेसिंगने बरं होईल. तुम्ही काळजी करू नका."

दुपारी सर मुलाला घेऊन आले आणि त्यांनी आजोबांना सगळे स्पष्ट सांगितले. मी खाटेच्या पायथ्याशी बीपीचे मशीन घेऊन उभी होते. आजोबांनी सरांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकले आणि मग माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंग ट्रॉली नेली, तर त्यांनी पाय चादरीखाली ओढून घेतला. चहा तसाच निवत होता. इन्सुलिनला नकार, ड्रेसिंगला नकार. "तुका काल म्हायत होता. तू खोटा बोललंस," एवढेच म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

मी इनचार्ज सिस्टरना जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्या दिवशीचे ड्रेसिंग त्यांनी स्वतः केले आणि मला म्हणाल्या, "ट्रॉली न घेता जा त्यांच्याकडे. नुसती बस."

ड्युटी संपल्यावर मी स्टूल ओढून बसले. "आजोबा, काल मला माहीत होतं. मी खरं बोलले नाही. माझी चूक झाली," म्हणाले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली ती रापणीपासून. जाळे ओढताना टाच वाळूत रुतवून मागे रेलावे लागते, सगळा भार टाचेवर असतो. "रापण वडूक टाच व्हयी गो." पावसात रापण बंद आहे, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पुन्हा सुरू होईल, असा हिशोब ते मनात करत होते. आणि मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारले, "कापलेलो पाय खंय टाकतले?"

याचे उत्तर मला येत नव्हते. "मला नक्की माहीत नाही, सिस्टरना विचारून सांगते," असे म्हणून मी उठले. विचारून परत आले आणि सांगितले की तो वेगळ्या पिवळ्या पिशवीत बंद करून जाळण्यासाठी पाठवतात, इतर कचऱ्यात टाकत नाहीत. "जाळतले मां?" त्यांनी दोनदा विचारले. उकिरड्यावर कुत्री ओढतील ही भीती त्यांच्या मनात होती. त्या संध्याकाळी त्यांनी इन्सुलिन घेतले. तिसऱ्या दिवशी सर पुन्हा येऊन बोलले आणि मुलासमोर आजोबांनी संमतीपत्रावर सही केली.

भावना

प्रश्न आला त्या क्षणी मला भीती वाटली. आजोबा रडतील, ओरडतील, आणि मला त्यांना सावरता येणार नाही, याची भीती. "काळजी करू नका" म्हटल्यावर छातीवरचे ओझे उतरले. घरी आल्यावर हेच मला सगळ्यात जास्त टोचले, की ओझे उतरले ते माझे. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाय ओढून घेतला तेव्हा आधी अपमान वाटला, कारण सगळा वॉर्ड बघत होता. लाज नंतर वाटली. स्टुलावर बसले तेव्हा हात थरथरत होते, म्हणून ते मांडीखाली धरले होते.

मूल्यमापन

वाईट काय झाले ते उघड आहे. एका सकाळचे इन्सुलिन चुकले, ड्रेसिंग उशिरा झाले आणि ताप असलेल्या, जंतुसंसर्ग रक्तात पसरण्याचा धोका असलेल्या रुग्णाचा परिचारिकांवरचा विश्वास गेला. चांगले म्हणायचे तर मी चूक लपवली नाही, सिस्टरना लगेच सांगितली. माफी मागताना मुलाच्या विनंतीची ढाल पुढे केली नाही. आणि पायाच्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर दिले नाही.

विश्लेषण

त्या रात्री मी डायरीत लिहिले होते, 'रुग्ण क्रोधाच्या अवस्थेत आहे.' एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेल्या, मोठे दुःख पचवतानाच्या मनाच्या अवस्था आम्हाला नुकत्याच शिकवल्या होत्या आणि ते लेबल चटकन हाताशी आले. आता ते वाक्य वाचवत नाही. आजोबा पाय जाणार म्हणून रागावले असतील, नसतील. माझ्यावर मात्र ते मी खोटे बोलले म्हणून रागावले होते आणि त्यांनी ते सरळ शब्दांत सांगितलेही होते. अवस्थेचे नाव दिल्याने दोष त्यांच्या मनःस्थितीत गेला आणि माझे वागणे सुटून गेले. सिद्धांत चुकीचा नव्हता, मी तो आडोशासारखा वापरला.

खोटा दिलासा देऊ नये, हे पहिल्या वर्षीच्या संवादकौशल्याच्या धड्यात पाठ केले होते. तरी तो तोंडून गेला, कारण मला वाटत होते की माझ्यासमोर दोनच वाटा आहेत: खरे सांगून टाकणे किंवा नाही म्हणणे. शस्त्रक्रियेचा निर्णय रुग्णाला सांगणे हे विद्यार्थिनीचे काम नाही, ते सर्जनचे, हे बरोबरच आहे. पण तिसरी वाट होती. वाईट बातमी देण्यासाठी 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा पायऱ्यांच्या पद्धतीत, काही सांगण्याआधी रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारावे, अशी पायरी आहे. मी फक्त "तुम्हाला असं का वाटलं आजोबा?" असे विचारले असते, तर त्यांनी 'बिलो नी' ऐकल्याचे सांगितले असते. मग मला म्हणता आले असते, "हे सरांनीच तुम्हाला सांगायला हवं. मी आत्ता जाऊन त्यांना बोलावते." यात खोटे काही नाही आणि माझ्या अधिकाराबाहेरचेही काही नाही.

मुलाच्या विनंतीचाही नीट विचार करायला हवा. तो वाईट माणूस नव्हता. रात्रभर बाकड्यावर झोपत होता. आपल्याकडे घरच्यांनी जड गोष्ट आधी झेलायची, हीच माया समजली जाते. पण आजोबा शुद्धीवर होते, स्वतः विचारत होते आणि पाय त्यांचा होता. सही त्यांची लागणार असेल तर माहितीही त्यांनाच हवी. ती विनंती मी खिशात ठेवून गप्प बसले, सिस्टरना किंवा सरांना कळवली नाही. कळवली असती तर सर मुलाशी सकाळीच बोलले असते.

भाषेचा भागही मला महत्त्वाचा वाटतो. मी घाटावरची. आजोबा मालवणीत विचारत होते आणि मी पुस्तकी मराठीत उत्तरे देत होते. "काळजी करू नका" हे वाक्य तर रुग्णालयात दिवसातून पन्नास वेळा कानावर पडते, त्यामुळे त्याचा अर्थच झिजला आहे. शिवाय माझी नजर जखमेवर होती. ज्या पायाबद्दल ते विचारत होते तो माझ्या हातात होता आणि ज्याचा तो पाय, त्याच्याकडे मी पाहत नव्हते.

कापलेल्या पायाचे पुढे काय होते, हा प्रश्न आमच्या कोणत्याही नोट्समध्ये रुग्णाचा प्रश्न म्हणून आलेला नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत शरीराचे भाग पिवळ्या पिशवीत, हे मी परीक्षेसाठी घोकले होते. ते कोणाच्या तरी मनाला आधार देणारे उत्तर असू शकते, हे स्टुलावर बसेपर्यंत डोक्यात आले नव्हते.

निष्कर्ष

तोंडून 'नाही' जायच्या आधी हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवून मी त्यांच्याकडे बघायला हवे होते आणि एक प्रश्न विचारायला हवा होता. मुलाचे बोलणे त्याच तासाला सिस्टरपर्यंत न्यायला हवे होते.

कृती आराखडा

पुढच्या पोस्टिंगपासून ड्रेसिंग किंवा प्रोसिजर चालू असताना रुग्णाने आजाराबद्दल प्रश्न विचारला, तर मी हात थांबवीन, नजर वर करीन आणि आधी "तुम्हाला काय सांगितलंय?" असे विचारीन. उत्तर माझ्या अखत्यारीत नसेल तर ते कोण देणार आणि मी त्यांना कधी बोलावणार, हे सांगीन आणि बोलावल्याशिवाय ड्युटी सोडणार नाही. नातेवाइकांनी काही लपवायला सांगितले, तर "मी हे सिस्टरांच्या कानावर घालते" असे त्यांना तिथेच सांगीन. मॅडमना विनंती करून महिन्यातून एकदा अशा संभाषणांचा रोल-प्ले वर्गात घ्यायचे ठरले आहे. पहिल्या वेळी रुग्ण मी होणार आहे.

देवगडच्या माझ्या रूममेटकडून रोज संध्याकाळी मालवणी शिकते आहे. खिशातल्या वहीत आतापर्यंत एकतीस शब्द झाले आहेत. 'टाच' दोन्हीकडे टाचच आहे, तरी तो मी पहिला लिहिला.