मृण्मयी आणि जोएल यांच्या लग्नात म्हणायचा आशीर्वाद

(बडोदे. मावशीआजींनी म्हणायचा. वधूवर समोर उभे, अंतरपाट अजून धरलेला नाही.)

मंडळी, नमस्कार. केम छो, मजामां? एल्लावर्कुम् नमस्कारम्.

बसा सगळे. मागे मुलं खेळताहेत, त्यांना गप्प करू नका, त्यांचा आवाज असू दे. रीना, तू अम्मचींच्या शेजारी बस आणि मी बोलेन ते त्यांना मल्याळममध्ये सांगत राहा. तुझं सांगून होईपर्यंत मी थांबत जाईन. घाई नाही.

मी मृण्मयीच्या आईची मावशी. घरात मला सगळे मावशीआजी म्हणतात, आणि जोएल तर कधीपासून म्हणतोय. या दोघांनी येऊन विचारलं, ‘मावशीआजी, आमचं लग्न तुम्ही लावाल का?’ माझे यजमान जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी लहान होते तेव्हा अशा बाईला मांडवात मागच्या रांगेत बसावं लागायचं, औक्षणाचं ताट तिच्या हाती कुणी देत नसे. आज या मुलांनी मला बोहल्याशी उभं केलंय. मला याचा फार आनंद झाला आहे, आणि तो तुम्हा सगळ्यांसमोर सांगावासा वाटला.

म्हणून एक विनंती. थोड्या वेळानं औक्षण होईल. ज्यांना ज्यांना मनापासून वाटेल त्यांनी पुढे यावं. लग्न झालेल्या, न केलेल्या, एकट्या राहणाऱ्या, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, काका, मामा, मित्र, मैत्रिणी, कुणीही. कुणी कुणाला ‘तुम्ही नको’ म्हणायचं नाही.

कायद्यानं हे दोघं मंगळवारीच नवराबायको झाले. महिनाभर नोटीस लागली होती, मग तीन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. कायद्याला तीन माणसं पुरतात. यांना मात्र तुम्ही सगळे हवे होतात, म्हणून आजचा हा मांडव.

जोएल, मृण्मयी, आता तुमच्याशी बोलते.

तुम्ही दोघं बडोद्याचे. पण तुमची घरं बडोद्याला आली ती वेगवेगळ्या वाटांनी. मृण्मयीचे खापरपणजोबा खानगी खात्यात कारकून म्हणून आले आणि दांडिया बाजारात राहिले. जोएलचे अप्पच्चन कोट्टयमहून आले, साठच्या दशकात, कोयलीची रिफायनरी उभी राहत होती तेव्हा. त्यांना आल्याआल्या ना गुजराती येत होतं ना मराठी. आणि ज्यांच्या नावानं हे शहर ओळखलं जातं ते सयाजीराव महाराज तरी इथले कुठे? मालेगावजवळच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा, 1875 साली दत्तक येऊन गादीवर बसला. बाहेरून आलेल्याला इथं आपलं म्हणून राहता आलं, असं हे गाव आहे. तुम्हा दोघांची गाठ पडली ती अशा गावात. आणि बोलता कशात, तर गुजरातीत! भांडणसुद्धा गुजरातीत करता, मी ऐकलंय.

याच बडोद्यात 1915 साली पुरोहितांसाठी एक कायदा झाला. लग्न लावणाऱ्याला विधीचं ज्ञान हवं, त्यानं त्यासाठी परीक्षा द्यावी, आणि आपण काय म्हणतोय याचा अर्थ समोरच्यांना कळेल अशा भाषेत सांगावा, असा त्याचा हेतू. शंभरावर वर्षं झाली त्याला, पण मला तो विचार अजून फार आवडतो. ज्याला वचन द्यायचं आहे त्याला ते वचन समजलं पाहिजे. लग्न लावताना मीही तेवढंच करणार आहे. आणि तुमच्यासाठी माझं मागणंही तेच आहे: एकमेकांना विचारायची सवय तुम्हाला लागो. ‘तू आत्ता काय म्हणालास?’ ‘तू गप्प का आहेस?’ ‘तुमच्या घरी हे असं का करतात?’ असं विचारलं म्हणून दुसऱ्याला राग न येवो. पंचवीस वर्षांनीसुद्धा न येवो.

आता सप्तपदी. या तांदळाच्या सात राशी मांडल्या आहेत. पुढे मागे कुणी नाही, दोघं बरोबरीनं चालणार असं त्यांनी ठरवलं आहे, आणि मला ते पटलं.

पहिलं पाऊल अन्नाचं. इथे मी जरा थांबणार आहे. जोएलची नोकरी पाळीची. तो रात्रपाळीहून घरी येईल तेव्हा मृण्मयी साइटवर निघायच्या घाईत असेल. कधी ताजा स्वयंपाक असेल, कधी कालचा भात फोडणीला टाकावा लागेल, कधी कोपऱ्यावरून सेव उसळ आणून वेळ भागेल. तुमच्या घरात चूल कुणा एकाची न होवो. ज्याला भूक आधी लागेल त्यानं दुसऱ्यालाही विचारावं. आणि दारात आलेल्या माणसाला, तो कुणीही असो, निदान चहा मिळो.

दुसरं पाऊल बळाचं, तिसरं धनाचं. दोन्ही पुरेसं मिळो, आणि पैशाचा हिशेब दोघांनाही माहीत असो. चौथं सुखाचं. ते कशात मिळतं ते तुम्हाला कळेल, मी काय सांगणार!

पाचवं पाऊल संततीचं. जुन्या बायका नव्या नवरीला ‘अष्टपुत्रा हो’ म्हणायच्या. मी म्हणणार नाही. मूल व्हावं का, कधी व्हावं, आपलं व्हावं की दुसऱ्या कुणाचं आपलं म्हणून वाढवावं, की दोघांनीच राहावं, हे तुम्ही ठरवायचं. मंडळी, तुम्हालाही माझी विनंती आहे, हा प्रश्न या दोघांना येताजाता विचारू नका. या पावलावर मी एवढंच म्हणते: तुमच्या हातून जे काही वाढेल, मूल, झाड, एखादं काम, एखादा विद्यार्थी, ते प्रेमानं वाढो.

सहावं पाऊल ऋतूंचं. बडोद्याचा मे महिना तुम्ही पाहिला आहे, आणि विश्वामित्रीचं पाणी रस्त्यावर आलेलंही पाहिलं आहे. घरातही असे दिवस येतात. आजारपण येतं, नोकरी जाते, कुणाचं तरी जाणं होतं. त्या दिवसांत तुम्ही एकाच बाजूला उभे राहा.

आणि सातवं. ‘सखा सप्तपदी भव.’ एवढी पावलं चालून झाल्यावर शेवटी मागितलं जातं ते सख्य. नवऱ्यानं नवरा व्हावं, बायकोनं बायको व्हावं असं इथे म्हटलेलं नाही. मैत्र मागितलं आहे. मला हे तरुणपणी कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मंत्र झाला, आम्ही चाललो, लोक जेवायला बसले. नंतर संसारात मात्र ते कळलं. रात्री सगळं आवरून झाल्यावर ओट्याला टेकून आम्ही दोघं दिवसभराचं बोलायचो, कामाचं, बिनकामाचं. त्यांच्या आठवणींत मला सगळ्यात जास्त ते बोलणं आठवतं. तुम्हाला तसं बोलायला रोज थोडा वेळ मिळो. फोन बाजूला ठेवून मिळो.

आता दागिन्यांकडे या. मृण्मयीच्या आईनं आणि जोएलच्या अम्मांनी मिळून हे तबक लावलं आहे. यात मंगळसूत्र आहे. दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची. शेजारी मिन्नू आहे, मंत्रकोडीच्या साडीतून काढलेल्या सात धाग्यांत ओवलेलं. ते धागे अम्मचींनी स्वतः काढले, या वयात, चष्मा पुसत पुसत. मृण्मयी आज दोन्ही घालणार आहे, आणि जोएलच्या बोटात ती अंगठी घालणार आहे. उद्यापासून यातलं रोज काय घालायचं आणि काय कपाटात ठेवायचं हे ज्याचं त्यानं बघावं. प्रेम गळ्याकडे बघून मोजू नये, ही दोन्ही घरांना माझी प्रेमाची सूचना.

दोन्ही घरांसाठीही आशीर्वाद मागते. मृण्मयीच्या आईबाबांना मुलगी पाहुणी आल्यासारखी न वाटो. ती आपल्याच घरी येते आहे. जोएलच्या अम्मा-अप्पांना मुलगा दूर गेल्यासारखा न वाटो. अकोट्याहून दांडिया बाजारला यायला वेळ तो किती लागतो! गणपतीला सगळे इकडे, नाताळला सगळे तिकडे, आणि नवरात्रात सगळे गरब्याला. ज्यांना देव मानायचा आहे त्यांना तो मोकळेपणानं मानता येवो, ज्यांना मानायचा नाही त्यांनाही याच पंगतीत मानानं बसता येवो.

अप्पच्चन आज नाहीत. मृण्मयीचे आजोबा नाहीत. ते दोघं सयाजीबागेत सकाळी फिरायला जायचे आणि एकमेकांना फक्त हात करायचे, ओळख अशी नव्हती. आपली नातवंडं एक दिवस लग्न करतील हे त्यांना कुठे ठाऊक होतं. आज त्यांची नावं घेऊन पुढे जाऊ.

(क्षणभर थांबायचं.)

मंडळी, आता तुमचं काम. आपापल्या परीनं या दोघांसाठी काहीतरी मागा. देवाला हाक मारायची असेल त्यांनी मारा, क्रूस करायचा असेल त्यांनी करा, नुसतं मनात ‘यांचं भलं होवो’ म्हणायचं असेल तर तेवढंही पुष्कळ आहे. आणि पुढे कधी यांच्यात अबोला झालेला दिसला तर कुणाची बाजू घेऊ नका. घरी जा, जेवायला बसा, दोघांशी बोला.

मृण्मयी, जोएल, तुम्हाला आयुष्य मिळो, तब्येत मिळो, एकमेकांची सोबत मिळो. हसायला कारणं मिळोत. चूक झाली तर ‘माझं चुकलं’ म्हणायला जीभ अडखळू नये, आणि ते ऐकल्यावर दुसऱ्यानं विषय तिथेच सोडावा. तुम्हाला जे व्हायचं आहे ते दोघांनाही होता येवो, एकाच्या होण्यात दुसऱ्याचं अडू नये. तुमचं घर लहान असो की मोठं, त्यात तुम्हा दोघांनाही निवांत वाटो. माझे दोन्ही हात तुमच्या डोक्यावर आहेत. वाकू नका, तसेच उभे राहा, माझे हात पोचतात.

आता अंतरपाट. मामा, एक टोक तुम्ही धरा. रीनाचे बाबा, दुसरं तुम्ही. मंगलाष्टकं काकू म्हणतील, त्यानंतर अम्मची त्यांची प्रार्थना मल्याळममध्ये म्हणतील, तेव्हा सगळ्यांनी शांत उभं राहायचं. पाकळ्या सगळ्यांना मिळाल्या का? मुलांना द्या आधी. आज अक्षतांच्या जागी गुलाबाच्या पाकळ्या आहेत. मी ‘सावधान’ म्हटलं की टाका, आधी नको.

आणि नंतर कुणी न जेवता जायचं नाही. उंधियू आहे, पुरणपोळी आहे, अप्पम आणि स्ट्यू आहे.

चला, धरा अंतरपाट. काकू, करा सुरुवात.