वार्तापत्रात न आलेली बातमी: अंतर्गत संवादाचा एक अभ्यास

(संघटनात्मक संवाद, वर्गातील चर्चेसाठी. प्रसंग काल्पनिक आहे, पण कारखान्यात नेहमी घडतं त्याच्याच आधारे रचला आहे.)

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. पर्मनंट कामगार तीनशेच्या आसपास, शिवाय कॉन्ट्रॅक्टवरची मुलं आणि ट्रेनी. कंपनीचं दुसरं युनिट गुजरातेत सानंदला. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये एका दुपारी अंबडहून दोन सीएनसी मशीन ट्रेलरवर चढवून बाहेर काढली. गेटपासवर ठिकाण लिहिलेलं होतं: सानंद. पहिली पाळी सुटायच्या आत ही गोष्ट कँटीनमध्ये पोचली, आणि दुसऱ्या पाळीची बस गेटवर लागली तेव्हा ड्रायव्हरच उतरणाऱ्यांना विचारत होता, "काय हो, प्लँट हलवताय म्हणे?"

व्यवस्थापनाचा निर्णय तोवर झालेला होता. एका ग्राहकाने आपलं एक मॉडेल गुजरातेत नेलं होतं, म्हणून त्याच्या भागाची लाइन सानंदला जाणार होती. अंबडची तिसरी पाळी 1 जानेवारीपासून बंद होऊन तिथली माणसं पहिल्या दोन पाळ्यांत सामावली जाणार होती. कुणाला काढायचं नव्हतं. मात्र हे जाहीर करायचं ते जानेवारीच्या त्रैमासिक वार्तापत्रात, "सगळं पक्कं झाल्यावर", असं ठरलं होतं. पाळी बंद करणं हा औद्योगिक विवाद कायदा, 1947 च्या तेव्हा लागू असलेल्या कलम 9अ खाली येणारा बदल असू शकत होता आणि त्यासाठी 21 दिवसांची नोटीस लागत होती. नोटिशीआधी एक शब्दही बोलू नका, असा सल्लागारांचा आग्रह होता. माझ्या मते पहिली चूक इथेच झाली. 21 दिवस ही कायद्याने सांगितलेली किमान मुदत होती. त्याआधी युनियनला बोलावून समोर बसवायला कायद्याची आडकाठी नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर नेहमीचं वार्तापत्र निघालं. गुळगुळीत कागद, सोळा रंगीत पानं. मुखपृष्ठावर सुरक्षा सप्ताहाचा फोटो, आत वृक्षारोपण, दहावी-बारावीच्या गुणवंत मुलांचा सत्कार, वाढदिवसांची यादी. पहिल्या पानावरच्या मनोगतात एक वाक्य होतं: "बदलत्या बाजारपेठेत टिकायचं तर आपल्या सर्वांना नव्या पद्धतींशी जुळवून घ्यावं लागेल." लिहिणाऱ्याने ते दर वर्षीसारखंच लिहिलं असावं. पण वाचणारा मशीन कुठे गेली ते शोधत होता. त्याला सोळा पानांत सानंद हा शब्द कुठेच सापडला नाही, सापडलं ते हे एकच वाक्य. संध्याकाळपर्यंत पेनाने अधोरेखित केलेल्या त्या ओळीचा फोटो पाळीपाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होता. खाली मजकूर: "बघा, आता लेखीच दिलं."

पुढच्या तीन आठवड्यांत टूलरूमच्या चार जणांनी अनुभवाचा दाखला मागितला. ओव्हरटाइमला नाव द्यायला कुणी पुढे येईना. तिसऱ्या पाळीच्या एका ऑपरेटरने पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटचं बुकिंग रद्द केलं. त्यात त्याची टोकन रक्कम बुडाली. या प्रसंगातलं सगळ्यात मोठं नुकसान मी हेच मानते. प्लँट बंद होणारच नव्हता, त्या माणसाची नोकरीही जाणार नव्हती. त्याला सांगायला एक परिच्छेद पुरला असता.

नोव्हेंबरअखेर मनुष्यबळ विभागातल्या एका अधिकारी बाईंनी अफवा कुणी उठवली याचा शोध घेण्याऐवजी ती कशी फिरली याचा घेतला. कुणावरही कारवाई होणार नाही, हे आधी सांगून प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले: कुणाकडून कळलं, आणि पुढे कुणाला सांगितलं? ऐकलं जवळपास सगळ्यांनी होतं, पण पुढे सांगणारी माणसं मोजकी निघाली: टाइम ऑफिसचा क्लार्क, बसचा ड्रायव्हर, कँटीनमधला वाढपी आणि विभागाविभागांत फिरणारा एक क्वालिटी इन्स्पेक्टर. चौघांचंही काम फिरतं किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलण्याचं. व्यवस्थापनाचे अभ्यासक कीथ डेव्हिस यांनी 1953 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये अशीच साखळी दाखवली होती. त्यांनी अभ्यासलेल्या कंपनीत एक अधिकारी नोकरी सोडणार ही बातमी 81 टक्के अधिकाऱ्यांना माहीत होती, पण ती पुढे सांगणारे फक्त 11 टक्के होते. बातमी एकाकडून अनेकांना कळते, त्या अनेकांतले एक-दोघंच ती पुढे नेतात.

बाईंच्या टिपणातली दुसरी नोंद व्यवस्थापनाला जास्त झोंबली. कानोकानी फिरलेल्या बातमीतलं मशीनचं ठिकाण बरोबर होतं, लाइन जाणार हे बरोबर होतं, तिसरी पाळी बंद होणार हेही बरोबर होतं. चूक होती ती फक्त "प्लँट बंद" या शेवटच्या उडीत. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये मांडलं होतं की अफवेचा जोर हा विषयाचं महत्त्व आणि त्यातली संदिग्धता यांच्या गुणाकारावर ठरतो. इथे विषय पोटापाण्याचा, म्हणजे महत्त्व कमी होणं शक्यच नव्हतं. कमी करता येण्याजोगी होती ती संदिग्धता, आणि ती वार्तापत्राच्या हातात होती.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी साध्या कागदावर, काळ्या शाईत एक पानी पत्रक निघालं. त्यातला मजकूर असा:

"ऐकलं: प्लँट सानंदला जाणार. खरं: एक लाइन जाणार, दोन मशीन गेली आहेत, तिसरं जानेवारीत जाईल. बाकी मशीन इथेच राहतील.

ऐकलं: तिसरी पाळी बंद. खरं: हो. 1 जानेवारीपासून. नोटीस याच आठवड्यात बोर्डावर लागेल. कुणालाही कामावरून कमी केलं जाणार नाही.

ऐकलं: रात्रपाळीचा भत्ता जाणार. खरं: अजून ठरलेलं नाही. युनियनशी 14 तारखेला बैठक आहे. 15 तारखेला काय झालं ते इथेच लिहू."

पत्रक सुपरवायझरांनी पाळीच्या सुरुवातीला वाचून दाखवलं, आणि त्यांना ते कामगारांच्या अर्धा तास आधी दिलेलं होतं. ही अर्ध्या तासाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ऑक्टोबरात सुपरवायझरलाच काही माहीत नव्हतं, त्यामुळे त्याचं "मला काही कल्पना नाही" हे खरं उत्तरसुद्धा लपवाछपवी ठरलं होतं. 15 तारखेला, शनिवारी, पत्रक खरोखर लागलं: भत्ता मार्चपर्यंत चालू, पुढचं नंतर. दाखले मागणाऱ्या चौघांपैकी तिघे राहिले.

सगळंच सुरळीत झालं नाही. पुढचं पत्रक शब्द तपासण्यासाठी वरिष्ठांच्या टेबलावर सहा दिवस अडकलं, आणि त्या सहा दिवसांत "मार्चनंतर दुसरी पाळीही" अशी नवी बातमी बसमधून सुरू झाली. कॉन्ट्रॅक्ट कामगारांना तर पहिली दोन पत्रकं वाचूनच दाखवली गेली नाहीत. ते ठेकेदाराचे, आपले नव्हेत, असं कारण दिलं गेलं. त्यातल्या कितीतरी मुलांची कामं खरोखर तिसऱ्या पाळीवर अवलंबून होती. पत्रकातलं "कुणालाही" हे त्यांच्यासाठी खरं होतं का, याचं उत्तर कुठल्याच पानावर आलं नाही.

चर्चेसाठी: ऑक्टोबरात ट्रेलर गेटबाहेर पडला त्या दिवशी नोटीस बोर्डावर लावायची चार वाक्यं लिहा. कायद्याचा सल्ला आणि कामगारांचा प्रश्न, दोन्ही नजरेसमोर ठेवा. टाइम ऑफिसच्या क्लार्कला आणि बसच्या ड्रायव्हरला पत्रक इतरांच्या आधी द्यावं का? दिलं तर ते व्यवस्थापनाचे निरोपे ठरतील आणि लोक त्यांच्यावर विश्वास ठेवणं सोडतील, या आक्षेपाला तुमचं उत्तर काय? आणि कॉन्ट्रॅक्ट कामगारांसाठीच्या पत्रकात "ऐकलं: आम्हाला काढणार" या ओळीसमोर, वस्तुस्थिती धरून, तुम्ही काय लिहाल?