कायदेशीर नोटीस : घरदुरुस्तीचे काम अर्धवट सोडल्याबाबत व आगाऊ रक्कम परत मिळणेबाबत

ॲड. मेधा शरद देवरगावकर
शरणपूर रोड, नाशिक

दिनांक : १२ जानेवारी २०२६
स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, तसेच व्हॉट्सॲपवर

प्रति,
श्री. विलास दगडू मोरकर
बांधकाम व दुरुस्ती ठेकेदार
पाथर्डी फाटा, नाशिक

महोदय,

आमच्या अशील श्रीमती शैलजा वसंत गायधनी, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार इंदिरानगर, नाशिक, यांनी दिलेल्या माहितीवरून व त्यांच्या सूचनेनुसार तुम्हांस ही नोटीस देण्यात येते, ती अशी की :

१) इंदिरानगर येथील अशिलांच्या मालकीच्या रो-हाउसच्या दुरुस्तीचे काम तुम्ही ८,४०,००० रुपयांना मजुरी व मालासह घेतले. तसा करारनामा १० जून २०२५ रोजी ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झाला असून त्यावर तुमची व दोन साक्षीदारांची सही आहे. स्वयंपाकघराचा ओटा, दोन बाथरूम, संपूर्ण वायरिंग, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, फरशी व रंगकाम ही कामे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत पूर्ण करून देण्याचे तुम्ही मान्य केले होते.

२) करारादिवशी २,५०,००० रुपये आणि ५ जुलै रोजी, टाइल्स व वायरिंगचा माल आणायचा आहे असे सांगून, आणखी १,५०,००० रुपये तुम्ही घेतले. एकूण ४,००,००० रुपये बँकेमार्फत तुमच्या खात्यात जमा झाले आहेत. त्या टाइल्स व वायर आजतागायत घरी आलेल्या नाहीत.

३) २० ऑगस्टपासून तुम्ही काम बंद केले. पोळ्यासाठी माणसे गावी गेली आहेत, दोन दिवसांत येतील, असा तुमचा मेसेज आहे. पुढे नवरात्राचे कारण झाले. ४ ऑक्टोबर रोजी तुम्ही कळवले की मालाचे भाव वाढले असून आणखी १,५०,००० रुपये मिळाल्याशिवाय काम सुरू होणार नाही. करारात भाववाढीची तरतूद नाही. अशिलांनी आधीच्या मालाची बिले मागितली, तेव्हापासून तुम्ही त्यांचा फोन घेत नाही. मात्र याच काळात तुमची माणसे दुसऱ्या साइटवर काम करताना अशिलांनी स्वतः पाहिली आहेत.

४) घर कोणत्या अवस्थेत टाकून गेलात, हे नमूद करणे आवश्यक आहे. दोन्ही बाथरूम उकरलेली, जुना ओटा फोडलेला, भिंतींत वायरिंगसाठी झिऱ्या मारून ठेवलेल्या. गच्चीचा जुना कोबा तुम्ही ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात काढला. पाऊस उघडेपर्यंत गच्चीला हात लावू नका, असे अशिलांनी सांगितले होते. कोणत्याही गवंड्याला ते सांगावेही लागत नाही. नवा थर न देताच तुम्ही निघून गेलात आणि सप्टेंबरच्या पावसात वरच्या खोलीचे छत, कपाट व गाद्या भिजून खराब झाल्या. अशिलांसोबत त्यांच्या ७८ वर्षांच्या सासूबाई राहतात. घरात वापरण्याजोगे एकही बाथरूम नसल्याने त्यांना घेऊन अशिलांना भाड्याच्या घरात जावे लागले. करारातील मुदत संपली तरी त्या तिथेच आहेत.

५) अशिलांनी स्थापत्य अभियंत्याकडून जागेची पाहणी करून घेतली. छायाचित्रांसह दिलेल्या अहवालानुसार तुम्ही केलेल्या कामाचे मूल्य, तोडफोड व मलबा वाहतूक धरून, १,१०,००० रुपये आहे. तेवढी रक्कम अशील प्रामाणिकपणे वजा देतात. उरलेले २,९०,००० रुपये ठेवून घेण्याचा तुम्हांस कोणताही हक्क नाही.

६) जादा पैशांशिवाय काम करण्यास तुम्ही दिलेला नकार हा भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३९ प्रमाणे कराराची पूर्तता करण्यास नकार आहे. त्यामुळे या नोटिशीद्वारे अशील सदर करार संपुष्टात आणत आहेत. झालेल्या नुकसानीची भरपाई कलम ७३ प्रमाणे देणे तुमच्यावर बंधनकारक आहे. तसेच ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आहे.

७) सबब, ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत तुम्ही आगाऊ रकमेपैकी २,९०,००० रुपये, ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांचे दरमहा ११,००० प्रमाणे घरभाडे ३३,००० रुपये आणि पावसाने झालेल्या नुकसानीचे बिलांप्रमाणे ४८,५०० रुपये, असे एकूण ३,७१,५०० रुपये अशिलांच्या बँक खात्यात जमा करावेत. तुमच्याकडे असलेली घराची दुसरी किल्ली त्याच मुदतीत आमच्या कार्यालयात आणून द्यावी. किल्ली असली तरी अशिलांच्या लेखी परवानगीशिवाय घरात पाऊल ठेवू नये.

८) मालासाठी घेतलेल्या १,५०,००० रुपयांतून खरोखर माल घेतला असेल, तर त्याची मूळ बिले याच मुदतीत दाखवावीत व माल अशिलांच्या ताब्यात द्यावा, त्याची खरी किंमत हिशेबात धरली जाईल. अशिलांना भांडण वाढवायचे नाही, त्यांना त्यांचे घर राहण्याजोगे करायचे आहे.

९) मुदतीत पूर्तता न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, नाशिक येथे तक्रार दाखल करून वरील रक्कम, पुढील घरभाडे, व्याज, मानसिक त्रासाची भरपाई व खर्च यांची मागणी केली जाईल. मालाच्या नावाखाली घेतलेल्या रकमेबाबत भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१६ व ३१८ खाली फिर्याद देण्याचा हक्क अशील राखून ठेवत आहेत. होणाऱ्या खर्चास व परिणामांस तुम्ही जबाबदार राहाल.

या नोटिशीचा खर्च ५,००० रुपये तुमच्यावर बसवला आहे. नोटिशीची स्थळप्रत कार्यालयात ठेवली आहे.

सही
ॲड. मेधा शरद देवरगावकर
श्रीमती शैलजा वसंत गायधनी यांच्या वतीने

सोबत : करारनामा, बँक खात्याचा उतारा, अभियंत्याचा अहवाल व छायाचित्रे, नुकसानीची बिले व भाडेपावत्या यांच्या प्रती