बारा मार्क

अकराचा भोंगा वाजला तेव्हा गजाननच्या हातात शेवटचं खोकं होतं. त्याला पिना मारल्या, पंचवीसचा गठ्ठा पुरा झाला, सुतळी आवळली आणि स्टिचिंग मशीन बंद केली. तिसरी पाळी अजून गेटवर हजेरी लावत होती. ही पंधरा-वीस मिनिटं कोणाचीच नसतात.

रद्दी पुठ्ठ्याच्या ढिगातून त्याने हातभर तुकडा फाडला, कानावरची पेन्सिल काढली आणि गठ्ठ्यावर बसून वर मधोमध लिहिलं: ३५.

उद्या भूगोल. शेवटचा पेपर.

बाकी विषयांचं त्याला एवढं भ्या नव्हतं. बोर्डाने तिथे जोड्या लावून दिल्या आहेत. गणितात गडगडलं तर विज्ञान सावरतं. दोन्ही मिळून ७० झाले आणि एकेकात निदान २५ असले की गाडी निघते. तीन भाषांचंही तसंच, मिळून १०५. सामाजिक शास्त्रांना मात्र जोडीदार नाही. इतिहासाचे ४०, भूगोलाचे ४०, अंतर्गत २०, आणि या शंभरातून ३५ आपले आपणच आणायचे.

अंतर्गत किती धरायचे? नाइट शाळेत सगळे सांगत, आपल्याकडे पंधराच्या खाली कोणाला देत नाहीत. पण सांगणाऱ्यांपैकी कोणी मार्कांची यादी पाहिली नव्हती, आणि गजाननच्या गैरहजेऱ्याही कमी नव्हत्या. संध्याकाळी साडेसहाच्या वर्गाला तो कित्येकदा पुठ्ठ्याची धूळ केसात घेऊन आठला पोचायचा. त्याने १४ लिहिले. कारखान्यात माल मोजताना फाटकं खोकं धरत नाहीत.

मग इतिहास. पेपर सुटल्यावर त्याने १६ धरले होते. चहाच्या टपरीवर पोरांनी उत्तरं सांगितली तेव्हा १३ केले. आज पेन्सिल थांबली आणि ९ वर आली.

"काय करून राहिला बे गज्या?" बंडूभाऊ डबा धुऊन आले.

"हिशोब."

"पगाराचा?"

"मार्काचा. भूगोलात किती लागते ते पाहून राहिलो."

बंडूभाऊ वाकले. पुठ्ठ्यावर १४ होते, ९ होते, खाली रेघ, २३. त्याखाली १२ ला गोल केला होता.

"चाळीसातून बाराच? मंग काहून तोंड पाडून बसला? मी सातवीत याच्यापेक्षा जास्त घेतले होते."

"मंग पुढे?"

"पुढे बाप मेला," बंडूभाऊ म्हणाले आणि डबा पिशवीत टाकला.

बारा कुठून आणायचे याचाही हिशोब ठरला होता. नकाशाचे दोन प्रश्न मिळून ८, त्यातले ५. आलेखाचे ६, त्यातले ४. आलेख त्याला जमायचा. शॉपच्या फळ्यावर रोजच्या उत्पादनाच्या काड्या तोच काढायचा. जोड्या, गाळलेल्या जागा यांतून ३. मोठी उत्तरं त्याने हिशोबात धरलीच नाहीत. पुस्तकभर भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवले आहेत. भारताचं निदान ऐकून तरी माहीत असतं. ब्राझीलचं अवर्षण चतुष्कोन, अजस्र कडा, पंतानल हे शब्द तोंडात खड्यासारखे लागायचे.

ते शब्द श्रुतीने घोकून घेतले होते. श्रुती सातवीत. रविवारी वानाडोंगरीच्या खोलीत ती बापाला समोर बसवायची. "बाबा, नकाशा काढा नाही लागत, छापलेला भेटते. तुम्हाला फक्त भरा लागते. पण सूची काढजा. सूची नसली तर मार्क कापतात." आणि तो दर वेळी सूची विसरायचा. नदी काढली, मानाऊस दाखवलं, कॉफीचा पट्टा रेघांनी भरला की काम झाल्यासारखं वाटायचं. कोणत्या खुणेचा अर्थ काय, ते काढणाऱ्याला माहीत असतंच की! वेगळं कशाला लिहायचं, हे त्याला आतून पटत नसे.

त्याने पुठ्ठा उलटा केला. बटाट्यासारखा ब्राझील काढला. वरून ॲमेझॉन, तिच्यावर मानाऊसचा ठिपका, खाली कॉफीचा रेघांचा पट्टा.

"गजानन!"

सुपरवायझर. वयाने आठ-दहा वर्षांनी लहान, हातात हजेरीची वही. "तिसऱ्या पाळीचा माणूस नाही आला. थांबतोस ना? सकाळी माल लोड करायचा आहे."

"साहेब, उद्या पेपर आहे."

"किती वाजता?"

"अकरा."

"मग? सातला सुटशील. चार तास आहेत मधात. मागच्या वेळी नाही का थांबला होतास?"

थांबला होता. इतिहासाच्या आदल्या रात्री. सिलिंडरला पैसे कमी पडत होते, आणि परीक्षेपुरती दुसरी पाळी साहेबांनीच मिळवून दिली होती, तेव्हा नाही म्हणायला जीभ रेटली नाही. सकाळी सातला सुटला, अंघोळ केली, लोकमान्य नगरहून मेट्रो धरली. गाडीत थंड हवा होती. झाशी राणी चौक कधी गेला कळलं नाही, सीताबर्डीला शेजारच्या बाईने हलवून उठवलं. वर्गात पहिले तीन प्रश्न नीट लिहिले. मग डोळे मिटले ते पर्यवेक्षकाने बाकावर बोट वाजवलं तेव्हा उघडले. शेवटची दोन उत्तरं त्याला येत होती. पानं कोरी राहिली. येत होतं सोळाचं, लिहिलं नवाचं.

त्याने पुठ्ठा पुन्हा सुलटा केला. कोपऱ्यात लिहिलं: ४५०. खाली ७. भागाकार केला. चौसष्ट रुपये आणि वर काही पैसे.

"काय लिहितोस?"

"एक मार्क चौसष्ट रुपयांले पडला साहेब."

"काय?"

"मागच्या ओटीत सात मार्क गेले. या वेळी गेले तर बाराचे पाचच उरते."

सुपरवायझरला काही कळलं नाही. त्याने वहीत पाहिलं, मग शॉपभर नजर टाकली. "दहावी करून काय करणार आहेस रे? मशीन तर तूच चालवतोस."

"चालवतो मीच. पण कार्डावर हेल्पर आहे. ऑपरेटरले दहावी पास मागते, तुमीच सांगतलं होतं."

त्यावर साहेब काही बोलले नाहीत. सांगितलं होतं हे खरं होतं, आणि सहा वर्षं झाली होती.

"तीनपर्यंत मी पाहतो," बंडूभाऊ म्हणाले. "पुढचं पुढे. पण माझ्यानं पिना सरळ नाही बसत, आधीच सांगून ठेवतो."

"वाकड्या पिना पार्टी परत करते, बंडूभाऊ."

"मंग याले बसव आन् नापास कर!"

साहेबांनी वही मिटली. गजाननने पुठ्ठ्याची घडी करून खिशात टाकली, सायकल काढली आणि कोणाकडे न पाहता गेटबाहेर पडला. मागे मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. ठोका चुकत होता. बंडूभाऊच असणार.

सकाळी केंद्राच्या फाटकावर तपासणी कडक होती. एक सर रांगेतल्या पोरांचे खिसे उलटे करत होते. पोरांच्या मध्ये उभा राहिलेला हा मिशीवाला माणूस पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"खिशात काय आहे?"

गजाननच्या पोटात गोळा आला. पुठ्ठा तसाच राहिला होता. सरांनी घडी उलगडली. एका बाजूला आकडे, १२ ला गोल. दुसऱ्या बाजूला ब्राझील.

"कॉपी नाही सर," तो घाईने म्हणाला. "रात्री कंपनीत बसल्या बसल्या काढला. ठेवून घ्या तुमच्यापाशी."

सरांनी पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला. ॲमेझॉन पाहिली, मानाऊसचा ठिपका पाहिला, रेघांचा पट्टा पाहिला. मग तो भिंतीवरच्या चिठ्ठ्यांच्या ढिगावर ठेवला आणि वर दगड ठेवला.

"जा आत," ते म्हणाले. "आणि सूची राहिली तुमची."