विषय: सीनियर बॅकएंड इंजिनिअरच्या जागेबद्दल

नमस्कार,

मंगळवारचा मेसेज वाचला. माझं प्रोफाइल खरंच वाचून लिहिलेलं दिसतंय, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

मी सध्या नोकरी शोधत नाहीये. इथे बरं चाललंय, आणि हातातलं कामही मधेच सोडण्यासारखं नाही. बँकेकडून येणाऱ्या फायली आणि आमच्याकडच्या नोंदी जुळवणारी सिस्टीम आम्ही बदलतोय. जुनी आणि नवी दोन्ही सध्या बरोबरीने चालतात. सलग तीन महिनाअखेरींना दोन्हीकडचे आकडे पैशापैशाला जुळले की जुनी बंद करायची. पहिली महिनाअखेर जुळली, दोन बाकी आहेत. त्यानंतर राजीनामा दिला तरी ६० दिवसांचा नोटीस पीरियड, म्हणजे आजपासून किमान चार महिने धरा. बायआउट देऊ केलंत तरी ही तारीख फारशी अलीकडे येणार नाही. क्लायंटला पुढच्या महिन्यात माणूस हवा असेल, तर इथेच थांबूया.

एवढं थांबणं चालणार असेल, तर कॉलआधी काही गोष्टी लेखी कळवा. कंपनीचं नाव हवंच. त्याशिवाय माझ्या करारातल्या स्पर्धक कंपन्यांच्या कलमात ती बसते का, हे मला तपासता येत नाही. जागा नवीन आहे की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली? जेडीमध्ये ‘प्रॉडक्शन सपोर्टची तयारी’ असं अगदी शेवटी, एका ओळीत लिहिलंय. माझ्यासाठी सगळ्यात मोठा प्रश्न तोच. रोटामध्ये सहा जण असतील तर दीड महिन्यातून एक आठवडा येतो, दोघंच असतील तर एकाआड एक आठवडा फोन उशाशी. नक्की किती जण आहेत?

पगाराची रेंज फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगवेगळी सांगा. सीटीसीच्या एका आकड्यात ग्रॅच्युइटी, जॉइनिंग बोनस सगळंच मिसळलेलं असतं. माझा आताचा पगार मी सांगणार नाही. पण फिक्स्ड किमान ३० टक्के वाढत नसेल तर मी जागची हलणार नाही. इसॉप्स असतील तर नुसती शेअर्सची संख्या नको. कंपनीचे एकूण शेअर्स किती, स्ट्राइक प्राइस काय आणि नोकरी सोडल्यावर ते घ्यायला किती दिवस मिळतात, हेही लागेल.

एक विनंती: माझ्या लेखी होकाराशिवाय सीव्ही कुणाकडेही पाठवू नका. एकच सीव्ही दोन एजन्सींकडून गेला की फी कोणाची यावरून वाद होतो आणि कंपनी उमेदवारालाच बाजूला ठेवते. ऑफिसच्या मेलवर किंवा माझ्या सहकाऱ्यांकडे चौकशीही नको. याच मेलवर लिहा. बोलायचंच झालं तर संध्याकाळी साडेसातनंतर, २० मिनिटं.

ओळखीतली एक जण मात्र खरंच शोधात आहे. तिचा नंबर परस्पर देत नाही, पण तुमची जेडी तिला पाठवली तर चालेल का?

धन्यवाद.