विषय: एव्हीएल ट्री असाइनमेंटसाठी २३ सप्टेंबरपर्यंत मुदत मिळावी (डेंग्यू झाल्यामुळे)

पुणे, मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

नमस्कार मॅडम,

मी ओंकार, सेकंड इयर कॉम्प्युटर, बी डिव्हिजन, रोल नंबर ४७. बुधवारच्या प्रॅक्टिकलला खिडकीजवळच्या त्या हँग होणाऱ्या पीसीवर बसतो तो. डेटा स्ट्रक्चर्सची तिसरी असाइनमेंट, एव्हीएल ट्रीची डिक्शनरी, उद्या रात्री ११:५९ ला अपलोड करायचीय आणि ती माझ्याकडून पूर्ण होत नाहीये. मला डेंग्यू झाला होता, शुक्रवार ते सोमवार ॲडमिट होतो, काल संध्याकाळी डिस्चार्ज मिळाला. मला मंगळवार २३ तारखेच्या रात्रीपर्यंत वेळ मिळू शकेल का, एवढंच विचारायचंय. बाकी खाली जे लिहिलंय ते तुम्हाला ठरवायला सोपं जावं म्हणून, थोडं लांबलंय त्याबद्दल आधीच सॉरी.

आधी माझी चूक सांगून टाकतो. असाइनमेंट तुम्ही ३ तारखेला दिलीत आणि मी ती ७ ला उघडली. मधे गणपती होते, आमचं ढोल पथक होतं, ६ ला विसर्जन, रविवारी दुपारी उठलो तेव्हा पहिल्यांदा पीडीएफ नीट वाचली. म्हणजे चौदा दिवसांतले चार मी स्वतःच घालवलेत, ते आजारपणाच्या खात्यात टाकत नाही. पण रविवार-सोमवार-मंगळवार बसून काम केलं होतं आणि त्या स्पीडने १४-१५ पर्यंत नक्की झालं असतं असं मला वाटतं.

मंगळवारी ९ ला रात्री अकरा-साडेअकराला थंडी वाजायला लागली. वाटलं पथकातला थकवा असेल, रूममेटने अंगदुखीची गोळी दिली ती घेऊन झोपलो. सकाळी १०३ ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, लाइट लावला तरी सहन होईना, आणि पाठ तर कोणीतरी काठीने बडवल्यासारखी. (आमचा पथकातला एकजण म्हणाला ढोल उलटा तुझ्यावर वाजलाय.) बुधवारच्या प्रॅक्टिकलला म्हणूनच आलो नव्हतो मॅडम, तेव्हा कळवायला हवं होतं पण त्या दिवशी मोबाईलच्या स्क्रीनकडे बघवत नव्हतं. गुरुवारी ११ ला हॉस्टेलजवळच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि संध्याकाळी एनएस-१ पॉझिटिव्ह आला. त्या अंगदुखीच्या गोळीबद्दल मात्र चांगलीच बोलणी खाल्ली, कारण डेंग्यूत आयबुप्रोफेन वगैरे घेतलं की रक्तस्रावाचा धोका वाढतो, फक्त पॅरासिटामोल चालतं. मला माहीत नव्हतं, रूममेटलाही नव्हतं, बिचारा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी गुन्हेगारासारखा बोलत होता.

प्लेटलेट्स गुरुवारी १,४२,००० होत्या, शुक्रवारी ८८,००० झाल्या आणि उलट्यांमुळे पाणीही पोटात टिकत नव्हतं म्हणून ॲडमिट करून घेतलं. शनिवारी ५४,०००. गंमत म्हणजे शनिवारी माझा ताप उतरला होता आणि मी आईला म्हणत होतो की आता बरा झालो, लॅपटॉप दे. डॉक्टर म्हणाले, डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात, प्लेटलेट्स तेव्हाच खाली जातात आणि बीपीही पडू शकतं. त्यामुळे लॅपटॉप जप्त. रविवारी ६१,०००, सोमवारी ९६,००० आणि मग घरी सोडलं. आता ताप नाहीये पण जिना चढलो की डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि सलग वीस-पंचवीस मिनिटांवर बसवत नाही. डॉक्टरांनी शनिवार २० पर्यंत आराम लिहून दिलाय आणि गुरुवारी परत रक्त तपासायचंय. आई कराडहून आलीय, रूमवर तिचंच राज्य आहे, किवीपासून पपईच्या पानाच्या रसापर्यंत जे जे नातेवाईक फोनवर सांगतात ते सगळं आणायला रूममेट पळतोय. रसाचा उपयोग होतो की नाही डॉक्टरांना विचारलं तर ते नुसतं हसले, पण आईपुढे कोण बोलणार.

आता असाइनमेंटचं. काय झालंय आणि काय नाही ते खरं खरं लिहितो म्हणजे मी एक आठवडा का मागतोय ते कळेल. नोड, इन्सर्ट, सर्च, इनऑर्डर प्रिंट आणि फाइलमधून शब्द वाचणं हे झालंय. चारही रोटेशन्स लिहिली होती. डिलीट अर्धवट आहे आणि रिपोर्टला हातच लावलेला नाही. शेवटचा कमिट ९ तारखेचा रात्री ११:४० चा आहे, रेपोचा ॲक्सेस तुम्हाला आहेच, त्यानंतर एक ओळही बदललेली नाही ते दिसेल.

तो शेवटचा कमिट थंडी वाजत असताना केलेला आहे. आज सकाळी पाच मिनिटं उघडून बघितला तर हे दिसलं:

```cpp
Node* rightRotate(Node* y) {
    Node* x = y->left;
    y->left = x->right;
    x->right = y;
    x->height = 1 + max(h(x->left), h(x->right));
    y->height = 1 + max(h(y->left), h(y->right));
    return x;
}
```

३०, २०, १० असे तीन आकडे टाकले तर झाड बरोबर बनतंय, २० वर आणि दोन्हीकडे एकेक, पण रूटची उंची ४ दाखवतंय! तीन नोड्सचं झाड आणि उंची चार. रोटेशननंतर y खाली गेलाय, म्हणजे आधी त्याची उंची काढायला पाहिजे आणि मग x ची, मी उलटं केलं म्हणून x ने y ची जुनी ३ उंची धरून त्यात एक मिळवला. शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल केली की झालं, हे कळतंय, आणि leftRotate मधेही तेच असणार कारण मी ते कॉपी करून डावं-उजवं बदललं होतं. ही चूक सापडली त्याचा आनंद झाला खरं तर, पण तेवढ्या पाच मिनिटांनी डोकं इतकं दुखायला लागलं की पुढची फाइल न बघताच बंद केलं.

खरा वेळ लागणारंय डिलीटला. दोन मुलं असलेला नोड काढताना इनऑर्डर सक्सेसर वर आणतोय तिथे सेगमेंटेशन फॉल्ट येतोय. शिवाय इन्सर्टमधे कुठलं रोटेशन करायचं ते मी नवीन शब्द डावीकडे गेला की उजवीकडे यावरून ठरवलं होतं, डिलीटमधे ते चालत नाही, मुलाचा बॅलन्स फॅक्टर बघायला लागतो, आणि तो शून्य असेल तेव्हाही सिंगल रोटेशन करायचं असतं हे तुम्ही लेक्चरला सांगितलं होतं (वहीत दोनदा अंडरलाइन आहे). आणि इन्सर्टला एका जागी झाड सावरलं की वरचं सगळं आपोआप ठीक होतं, डिलीटला तसं नाही, रूटपर्यंत प्रत्येक पायरीवर तपासत जायला लागतं. हे मला कागदावर समजलंय पण कोडमधे उतरवायला शांत डोकं पाहिजे. त्यानंतर १०,००० शब्दांची क्रमाने लावलेली फाइल साध्या बीएसटीमधे आणि एव्हीएलमधे टाकून दोन्हींच्या उंचीची तुलना, बीएसटीची सरळ १०,००० येणार आणि एव्हीएलची १९ च्या वर जायला नको, गेली तर माझं काहीतरी चुकलंय. मग रिपोर्ट.

माझा हिशोब असा आहे: २० पर्यंत रोज थोडं थोडं, अर्धा-अर्धा तास करत रोटेशन दुरुस्त करून डिलीट कागदावर सोडवायचं, रविवार-सोमवार कोड, मंगळवारी रिपोर्ट आणि अपलोड. बुधवारी २४ ला प्रॅक्टिकल आहेच, तेव्हा व्हायवा घेतलात तरी मी तयार असेन.

ग्रुपवर वाचलं की या गुरुवारी १८ ला तुम्ही वर्गात सोल्यूशन डिस्कस करणार आहात. मी त्या दिवशी तसाही येणार नाहीये, पण त्याच्या नोट्स आणि कोणाचाही कोड २३ पर्यंत बघणार नाही. आता हे नुसतं बोलून काय, म्हणून एक सुचवतो, तुम्हाला योग्य वाटलं तर माझ्या व्हायवाला वेगळा इनपुट द्या, किंवा डिलीटच्या वेळी सक्सेसरऐवजी प्रेडिसेसर घेऊन करून दाखव म्हणा, किंवा समोर बसवून एखादं फंक्शन लिहायला लावा. बाकीच्यांनी वेळेत दिलंय, मला जास्तीचे सहा दिवस मिळणार, तर माझा पेपर थोडा अवघड झाला तरी चालेल.

खरं सांगायचं तर काल एकाने सहज म्हटलं की माझी फाइल घे, नाव बदल आणि टाक, आजारी माणसाला कोण विचारतंय. चांगल्या मनाने म्हणाला तो. पण व्हायवाला तुम्ही "ही ओळ का लिहिली" विचारलंत की मला ताप परत भरेल, आणि सेमिस्टरच्या शेवटी ग्राफ्स आले की हेच रिकर्शन परत लागणार आहे, तेव्हा काय करू.

उशिरासाठी दर दिवशी २ मार्क कापायचा नियम आहे हे माहितीय. माझ्यासाठी तो लावू नये अशी विनंती आहे, पण सगळे दिवस माफ करणं जमत नसेल तर जेवढे दिवस तुम्हाला योग्य वाटतील तेवढे द्या, २० ला दिलं तरी जे झालं असेल ते देईन, डिलीटशिवाय. काहीच शक्य नसेल तर तेही कळवा, मग उद्या रात्री रोटेशनच्या त्या ओळी दुरुस्त करून अर्धवट का होईना अपलोड करतो, निदान कंपाइल होईल एवढं बघतो.

डिस्चार्ज कार्ड, एनएस-१ चा आणि प्लेटलेट्सचे सगळे रिपोर्ट आणि आरामाचं सर्टिफिकेट एका पीडीएफमधे जोडलंय. मोबाईलवरून स्कॅन केलंय, तिसरं पान जरा तिरकं आलंय पण वाचता येतं. ओरिजिनल हवे असतील तर सोमवारी २२ ला कॉलेजला येताना घेऊन येतो, किंवा त्याआधी रूममेटच्या हाती डिपार्टमेंटला पाठवतो.

उत्तर उद्या दुपारपर्यंत मिळालं तर बरं होईल, म्हणजे अर्धवट अपलोड करायचं की थांबायचं ते ठरवता येईल.

तुमचा विद्यार्थी,
ओंकार
एसई कॉम्प्युटर, बी डिव्हिजन, रोल नंबर ४७

ता. क. मॅडम, हॉस्टेलच्या मागच्या बाजूला जुन्या कुलरमधे आणि टायरमधे पाणी साचलेलं आहे आणि आमच्या मजल्यावर मी धरून तिसरा डेंग्यू आहे. रेक्टरना आम्ही अर्ज दिलाय, पण तुम्ही हॉस्टेल कमिटीवर आहात असं कळलं म्हणून तुमच्याही कानावर घालतो. असाइनमेंटशी याचा संबंध नाही, पण ४८ नंबरलाही कालपासून कणकण आहे.